केस स्टडीसाठी कंपनीला मुलाखतीचा ईमेल

मार्केटिंगची केस स्टडी म्हणजे एखाद्या कंपनीने घेतलेल्या खऱ्या निर्णयाची तपशीलवार हकीकत. निर्णय कोणत्या अडचणीतून आला, कोणते पर्याय समोर होते आणि पुढे काय झाले, हे तिच्यात येते. शिकवण्याची ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये रुजली. भारतात ती अहमदाबादच्या आयआयएममुळे पसरली आणि आज महाराष्ट्रातल्या एमबीएच्या विद्यार्थ्यालाही प्रकल्पासाठी केस लिहावी लागते. हकीकतीचा गाभा कंपनीतल्या माणसाकडेच असतो. त्यामुळे कामाची सुरुवात व्यवस्थापकाला मुलाखतीची विनंती करणाऱ्या ईमेलने होते.

हा ईमेल वाचताना व्यवस्थापकाच्या मनात दोन शंका असतात. माझा किती वेळ जाणार, आणि मी बोललेले कुठे पोहोचणार? पहिलीचे उत्तर एका वाक्यात देता येते. बहुतेक ईमेल फसतात ते दुसरीपाशी, कारण तिथे ‘सर्व माहिती पूर्णतः गोपनीय ठेवली जाईल’ एवढेच लिहिलेले असते. हे आश्वासन विद्यार्थ्याला पाळताच येत नाही. प्रकल्प अहवाल मार्गदर्शक वाचतात, बाहेरचे परीक्षक वाचतात आणि बऱ्याच महाविद्यालयांत त्याची प्रत ग्रंथालयात राहते. अनुभवी व्यवस्थापकाला हे ठाऊक असते. म्हणून माहिती कोण वाचणार, काय बदलले जाणार आणि काय बदलता येणार नाही, हे सांगणारा ईमेलच त्याला भरवशाचा वाटतो.

उदाहरणादाखल मसाले बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी घेऊ. किलोच्या पाकिटांबरोबर तिने दहा रुपयांचे छोटे पाकीट बाजारात आणले. छोट्या पाकिटाने नवे गिऱ्हाईक जोडले, की मोठ्या पाकिटाचाच खप खाल्ला, हा केसचा प्रश्न आहे. कोल्हापूरच्या एका विद्यार्थिनीने कंपनीच्या मार्केटिंग मॅनेजरला लिहायचा ईमेल असा असू शकेल:

विषय: दहा रुपयांच्या पाकिटाबद्दल ४० मिनिटांची मुलाखत – एमबीए प्रकल्प

मा. महोदय,
सप्रेम नमस्कार.
मी एमबीएच्या दुसऱ्या वर्षात मार्केटिंग शिकते. आपल्या कंपनीने दहा रुपयांचे पाकीट आणण्याचा निर्णय कसा घेतला, यावर केस स्टडी लिहिण्याची माझी इच्छा आहे. निर्णयाची कारणे आणि दुकानदारांचा प्रतिसाद समजून घेण्यासाठी आपण ४० मिनिटे द्यावीत, ही विनंती. कार्यालयात, फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर, जसे आपल्याला सोयीचे असेल तसे. पाच प्रश्न सोबत जोडले आहेत.
हा अहवाल माझे मार्गदर्शक व परीक्षक वाचतील आणि त्याची एक प्रत ग्रंथालयात राहील. कंपनीचे आणि आपले नाव त्यात नसेल, विक्रीचे आकडे बदलून दिले जातील. आपली परवानगी असेल तरच संभाषण रेकॉर्ड करीन आणि निकाल लागल्यावर ते पुसून टाकीन. मसुदा आधी आपल्याला दाखवीन; त्यातला कोणताही भाग आपण काढायला सांगू शकता. अहवाल सादर होईपर्यंत आपण पूर्ण माघारही घेऊ शकता. महाविद्यालयाबाहेर तो छापायचा झाल्यास कंपनीची लेखी परवानगी वेगळी घेईन.
यासाठी कंपनीत आणखी कोणाची संमती लागत असल्यास कृपया कळवावे. मार्गदर्शकांचा फोन क्रमांक व महाविद्यालयाचे पत्र सोबत आहे.
आपली नम्र,

हेतू सांगताना ‘आपल्या कंपनीच्या विपणन धोरणाचा अभ्यास’ असे न लिहिता एका निर्णयाचे नाव घेतले आहे. त्यामुळे प्रश्न कुठवर जातील याचा व्यवस्थापकाला अंदाज येतो, आणि विद्यार्थिनीने आधी काही वाचून, दुकानांत पाहून मगच लिहिले आहे हेही दिसते. विषयाच्या ओळीत वेळ आणि मुद्दा दोन्ही येतात. मोबाईलवर तिचे पहिले काही शब्दच दिसतात, म्हणून मुद्दा आधी. नफ्याचे आकडे पहिल्याच ईमेलमध्ये मागू नयेत. तसे केले की चौकशी प्रतिस्पर्ध्याकडून आली असावी, असा संशय येतो. महाविद्यालयाच्या पत्त्यावरून पाठवलेला ईमेल हा संशय आणखी कमी करतो.

आकडे बदलून देण्याची रूढ रीत म्हणजे सगळ्या रकमांना एकाच गुप्त संख्येने गुणणे. समजा एकूण विक्री १८ कोटी आणि छोट्या पाकिटांची साडेचार कोटी आहे. दोन्हींना १.३ ने गुणले की २३.४ आणि ५.८५ कोटी होतात. हिस्सा मात्र आधीसारखाच २५ टक्के राहतो, वाढीचा दरही तोच राहतो. त्यामुळे वर्गातली चर्चा खऱ्या प्रमाणांवर होते आणि खरी रक्कम झाकलेली राहते. दहा रुपये ही छापील किंमत बदलता येत नाही, म्हणून पाकिटांची संख्याही त्याच पटीत वाढवावी लागते. नाहीतर हिशेब जुळत नाही.

या रीतीला एक मर्यादा आहे. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या खासगी कंपन्यांनाही वार्षिक हिशेब निबंधकाकडे द्यावे लागतात आणि शुल्क भरून ते पाहता येतात. केसमध्ये कंपनीचे नाव खरे असेल, तर तिथली खरी विक्री आणि केसमधली विक्री यांच्या भागाकारातून गुप्त संख्या कोणालाही काढता येईल. म्हणून नाव आणि आकडे दोन्ही झाकावेत, किंवा नाव ठेवायचे असेल तर रकमा गाळून फक्त टक्केवारी द्यावी.

नाव बदलूनही ओळख फुटते, ती वर्णनातून. ‘अमुक तालुक्यातला कांदा-लसूण मसाल्याचा सर्वांत जुना कारखाना’ असे लिहिल्यावर नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. गाव, स्थापनेचे वर्ष, जाहिरातीतले ब्रीदवाक्य हे तपशील एकत्र आले की कंपनी कळते. मसुद्यातले असे शब्द शोधयंत्रात टाकून पाहावेत. पहिल्या पानावरच कंपनी दिसली तर वर्णन सैल करावे, म्हणजे तालुक्याऐवजी विभाग आणि वर्षाऐवजी दशक लिहावे. कंपनीतल्या सहकाऱ्यांपासून व्यवस्थापकाची ओळख लपवणे याहून अवघड. मार्केटिंगचा प्रमुख एकच असेल, तर ‘एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मते’ या शब्दांनी काहीच लपत नाही. कंपनीवर टीका करणारे विधान त्याच्या तोंडी घालण्याआधी त्याला स्वतंत्रपणे विचारावे लागते.

व्यवस्थापकाने ‘या बोलायला’ म्हटले, तरी ती मुलाखतीची संमती झाली, छापण्याची नव्हे. कंपनीच्या वतीने परवानगी देण्याचा अधिकार बहुधा त्याच्याही वरच्या कोणाकडे असतो. कधी उत्तर म्हणून गोपनीयतेचा करारच येतो. त्यावर विद्यार्थिनीने एकटीने सही करू नये. अहवाल परीक्षकांना दाखवायलाही मनाई करणारे कलम त्यात असू शकते, म्हणून तो आधी मार्गदर्शकांना दाखवावा.

विक्री विभागाचे लक्ष महिनाअखेरीस उद्दिष्टावर असते, आणि मार्चमध्ये तर ईमेल उघडलाही जात नाही. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवलेल्या विनंतीला उत्तर यायची शक्यता जास्त. आठवडाभरात उत्तर आले नाही, तर त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण द्यावी. त्यानंतरही शांतता असेल, तर तो नकार समजून त्याच व्यवसायातल्या दुसऱ्या कंपनीला लिहावे.