चाचा, फुंकू नका, ओढा

ऑपरेशनची तारीख ठरली की आपल्याकडे घरातली माणसं डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारतात. किती तास चालेल आणि खर्च किती येईल? ऑपरेशन झाल्यावर पुढचे आठ दिवस काय काय बिघडू शकतं आणि ते बिघडू नये म्हणून कोणी काय करायचं, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मी कवितेचा माणूस, पदवीही कलाशाखेची. वैद्यकाशी माझा संबंध औषधाच्या दुकानापुरता. पण २०२३ च्या डिसेंबरात माझ्या मामूंच्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग कर्करोगामुळे काढावा लागला आणि मी दहा दिवस त्यांच्या खाटेजवळ होतो. तिथल्या सिस्टर आणि सर्जन दोघेही समजावून सांगणारे निघाले. त्यांच्याकडून जे कळलं, ते आज सांगतो.

मामूंचं वय चौसष्ट. एस.टी.त कंडक्टर होते, निवृत्त झाले. चाळीस वर्षं बिडी. ऑपरेशनला सोळा दिवस होते, त्या दिवशीच बिडी बंद करा म्हणून सांगण्यात आलं. चार आठवडे आधी सोडली असती तर फुप्फुसं अधिक सावरली असती, पण कर्करोग तेवढं थांबू देत नाही. सोळा तर सोळा, असं सर्जन म्हणाले.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डातल्या सिस्टर एक छापील कागद घेऊन आल्या. नाव, वय आणि ऑपरेशन कशाचं हे त्यांनी मामूंच्याच तोंडून वदवून घेतलं. हातावरचा पट्टा कागदाशी ताडून पाहिला. शेवटचं जेवण केव्हा, पाणी केव्हा? साधारणपणे जेवण सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करतात, कारण भूल दिल्यावर पोटातलं अन्न उलटून श्वासनळीत गेलं तर जिवावर बेतू शकतं. कुठल्या औषधाची ॲलर्जी? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या? कवळी? अंगठी? आणि मग, "चाचा, एखादा दात हलतोय का?" मामूंना हसू आलं. पण भूल देताना तोंडातून नळी घालतात, तेव्हा हलणारा दात निसटून आत जाऊ शकतो. मामूंचा एक दात खरंच हलत होता. तसं कागदावर लिहिलं गेलं.

दाराच्या आत आणखी एक यादी असते, ती नातेवाइकांना दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ती जाहीर केली. तिच्यावर काम करणाऱ्या गटाचे प्रमुख होते अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे. त्यांचे वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. यादीत एकोणीस बाबी आहेत आणि त्या तीन थांब्यांवर मोठ्याने बोलून तपासायच्या असतात. पहिला थांबा भूल देण्याआधी, दुसरा सुरी लावण्याआधी, तिसरा रुग्णाला बाहेर नेण्याआधी. दुसऱ्या थांब्यावर खोलीतला प्रत्येक जण आपलं नाव आणि काम सांगतो, आणि जंतुसंसर्ग टाळणारं ॲंटिबायोटिक गेल्या साठ मिनिटांत दिलं का हे विचारलं जातं. तिसऱ्यावर कापडाचे बोळे आणि हत्यारं मोजतात. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू शेकडा दीडवरून एकाच्याही खाली आले. हे निष्कर्ष २००९ चे. पुढे २०१४ साली कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे मात्र यादी लागू झाल्यावर मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. कोणी बोलायचं थांबून नुसत्या खुणाच करत गेलं, तर कागद भरतो आणि तपासणी राहून जाते.

या मूळ यादीत पायातल्या रक्ताच्या गुठळ्यांबद्दल प्रश्न नाही. ब्रिटनने आपल्या प्रतीत तो घातला. छातीत कफ साचणं आणि आतडं थंडावणं हेही तीत नाही, कारण या गोष्टी ऑपरेशनच्या खोलीत सहसा दिसून येत नाहीत. त्या दिसतात वॉर्डात, आपल्या डोळ्यांसमोर.

पहिली गोष्ट छातीची. पोटावर उभा छेद असला की खोल श्वास घेताना दुखतं. माणूस मग वरवरचा श्वास घेतो, खोकायचं टाळतो. फुप्फुसाच्या तळाकडच्या हवेच्या पिशव्या मिटतात, तिथे कफ साचतो, त्यात जंतू वाढतात आणि न्यूमोनिया होतो. बिडीवाल्यांना हा धोका अधिक. मामूंना ऑपरेशनच्या आधीच प्लास्टिकचं तीन गोळ्यांचं एक यंत्र हातात दिलं होतं. नळी तोंडात धरायची आणि श्वास असा आत ओढायचा की गोळ्या वर जातील, मग तीन ते पाच सेकंद तो रोखायचा. मामू काय करत होते? फुगा फुगवावा तसे फुंकत होते. "चाचा, फुंकू नका, ओढा!" हे वाक्य मी त्या दहा दिवसांत सगळ्या खाटांवर ऐकलं. फुंकण्याने मिटलेल्या पिशव्या उघडत नाहीत, हवा आत ओढण्याने उघडतात. जागेपणी दर तासाला दहा वेळा, असा हिशेब होता. खोकताना उशी पोटावर घट्ट धरायची, म्हणजे टाके फाटल्यासारखे वाटत नाहीत. खाटेची डोक्याकडची बाजू उंच. दात दोन वेळा घासायचे, कारण तोंडातले जंतूच खाली उतरतात. आणि दुखत असेल तर सहन न करता सांगायचं. दुखणं दाबून ठेवणारा माणूस खोकत नाही, हे आमच्या सहनशील मंडळींना पटवणं कठीण गेलं.

दुसरी गोष्ट गुठळीची. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि शिरांतलं रक्त वर ढकलतात. माणूस आडवा पडला की हा पंप बंद. त्यात ऑपरेशननंतर रक्त गोठण्याकडे झुकतं, कर्करोग असेल तर आणखी झुकतं. पोटरीच्या खोल शिरेत गुठळी झाली आणि ती सुटून फुप्फुसात अडकली, तर काही मिनिटांत माणूस दगावू शकतो. म्हणून घट्ट मोजे, दुसऱ्याच दिवशी आधार देऊन खुर्चीत बसवणं आणि चार पावलं चालवणं. शिवाय रोज संध्याकाळी पोटाच्या कातडीखाली हेपॅरिनच्या जातीचं चाळीस मिलिग्रॅमचं इंजेक्शन.

या इंजेक्शनावरून आमच्याकडे थोडी चर्चा झाली. हेपॅरिन बहुतांशी डुकराच्या आतड्यापासून काढतात. मामींना हे कुठून तरी कळलं आणि त्या गप्प झाल्या. मी सर्जनना सरळ विचारलं. त्यांना राग आला नाही. संपूर्ण कृत्रिम असं फोंडापॅरिनक्स नावाचं औषध आहे, ते काही रुग्णांना चालतं, मूत्रपिंड बरंच बिघडलेलं असेल तर चालत नाही, असं त्यांनी सांगितलं. आमच्या मशिदीतले मौलाना म्हणाले, जीव वाचवण्याच्या गरजेपुढे ही मनाई उरत नाही. मामूंनी ठरवलेलं इंजेक्शनच घेतलं. मला वाटतं, हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारलेला बरा. मनात ठेवून पुढे डोस चुकवण्यापेक्षा किती तरी बरा.

पाचव्या दिवशी मामूंची डावी पोटरी भरल्यासारखी वाटली. मामींनी पिशवीतून तेलाची बाटली काढली. सिस्टर धावतच आल्या. एका पायाला सूज, पोटरी गरम आणि दाबल्यावर दुखते, अशा वेळी चोळायचं मुळीच नाही. गुठळी असेल तर ती सुटू शकते. तासाभरात शिरांची डॉपलर सोनोग्राफी झाली, गुठळी नव्हती. तेलाची बाटली मामींनी नातवाबरोबर घरी पाठवली.

तिसरी गोष्ट आतड्याची, आणि मामूंना नेमकी तीच भोवली. पोटातल्या ऑपरेशनमध्ये आतड्याला हात लागला की ते रुसतं. लहान आतडं दिवसभरात पुन्हा हलू लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठ्या आतड्याला दोन ते तीन. म्हणून सर्जन रोज विचारतात, "वारा सरला का?" पूर्वी वारा सरेपर्यंत पाणीसुद्धा देत नसत. आता लवकर घोट घोट देतात, चालवतात, च्युइंगम चघळायला देतात. चघळण्याने आतड्याला जेवण येतंय असा निरोप जातो म्हणे. मोठ्या अभ्यासांत च्युइंगमचा फायदा थोडाच दिसला आहे, पण नुकसानही नाही. मामूंनी हलणारा दात सांभाळत दुसऱ्या बाजूने चघळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना उचक्या लागल्या. पोट ढोलासारखं ताणलं, संध्याकाळी हिरवट उलटी झाली. पोटात कळा मात्र नव्हत्या, नुसती जडता. सर्जननी स्टेथोस्कोप पोटावर बराच वेळ धरून ठेवला. आतड्याचा आवाजच नव्हता. नाकातून नळी घातली, लिटरभराहून जास्त पाणी निघालं. तोंडाने सगळं बंद. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.९, ते साडेतीनच्या वर हवं. ते कमी असलं की स्नायू सुस्तावतात आणि आतडंही स्नायूच. सलाइनमधून पोटॅशियम सावकाश भरून काढलं. दुखण्यासाठी चालू असलेलं ट्रॅमाडॉल आतडं आणखी मंद करतं, म्हणून ते कमी करून पॅरासिटामॉल वाढवलं.

सर्जनना खरी धास्ती वेगळीच होती. आतड्याचा सांधा गळू लागला तरी ते असंच थंडावतं, पण तेव्हा बहुधा ताप येतो, नाडी वाढत जाते, पोट दुखून कडक होतं. मामूंची नाडी ८८, ताप नव्हता. तरी चौथ्या दिवशी सीटी स्कॅन केला, सांधा शाबूत होता. मग वाट पाहणं. नाकात नळी, एका हाताने सलाइनचा स्टँड ढकलत मामू कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होते. बघायला आलेले पाहुणे म्हणायचे, "अहो, पडू द्या की त्यांना!" त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. सहाव्या दिवशी पहाटे मामूंनी मला हलवून उठवलं आणि वारा सरल्याची बातमी कानात सांगितली. सातव्या दिवशी नळी निघाली, आठव्या दिवशी पेज.

दहाव्या दिवशी घरी सोडलं, पण इंजेक्शनं थांबली नाहीत. कर्करोगासाठी पोटाचं ऑपरेशन झालं की ती साधारण चार आठवडे देतात, कारण गुठळीचा धोका घरी गेल्यावरही राहतो. मामी सिस्टरकडून इंजेक्शन द्यायला शिकल्या. जखमेपासून दूर, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे, टोचल्यावर चोळायचं नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून ती रुग्णालयात परत द्यायची. सुट्टीच्या कागदावर सर्जननी शेवटी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: एक पाय सुजला, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, थंडी वाजून ताप आला, पोट फुगून उलट्या झाल्या, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता निघायचं. मामींनी तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि त्याखाली अठ्ठावीस चौकोन आखले.