सांत्वनपत्रातील संबोधने : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सांत्वनपत्र लिहिताना, म्हणजे कोणाच्या निधनानंतर त्याच्या आप्तांना धीर देणारे पत्र लिहिताना, मराठी माणूस बहुधा मायन्यापाशीच अडतो, आणि ही अडचण टाळण्यासाठी ‘प्रसंग गंभीर आहे, तेव्हा सर्वांनाच आपण म्हणावे’ असा सोपा नियम पुष्कळजण ठरवून टाकतात. हा पहिला आणि सर्वांत पसरलेला गैरसमज होय. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ ही केवळ आदराची चढती भाजणी नाही. ‘आपण’मध्ये आदराबरोबर औपचारिक अंतरही येते, आणि ज्या नात्यात ते अंतर कधीच नव्हते तेथे ते दुःखाच्या वेळी अचानक उभे केले, तर वाचणाऱ्याला परकेपणाच जाणवतो.

एकच प्रसंग घेतला तर हे स्पष्ट होते. एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक वारले आणि त्यांचा जुना विद्यार्थी त्यांची पत्नी, त्याचा वर्गमित्र असलेला मुलगा आणि शाळकरी नात अशा तिघांना स्वतंत्र पत्रे लिहू पाहतो, असे मानू. विद्यार्थिदशेपासून ज्यांना तो ‘काकू’ म्हणत आला त्यांना ‘तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार’ हा मायना शोभतो. ‘तीर्थरूप’ हे विशेषण रूढीने स्वतःच्या आईवडिलांसाठी राखलेले असून त्यांच्या जागी मानलेल्या इतर वडीलधाऱ्यांसाठी ‘तीर्थस्वरूप’ योजतात. हा भेद आज सैल झाला असला, तरी जुन्या वळणाच्या वाचकाला तो खटकू शकतो. मजकुरात मात्र ‘सरांच्या आजारपणात तुम्ही जे सोसले ते आम्ही पाहिले आहे’ असे ‘तुम्ही’च लिहावे, कारण काकूंशी बोलण्याची रीत तीच होती. वर्गमित्राच्या पत्रात ‘सर गेल्याचे कळले, तू एकटा आहेस असे मानू नकोस’ हे एकेरी वाक्य जे काम करते ते ‘आपण एकटे आहात असे मानू नये’ याने होत नाही. नातीला ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’ हा मायना चालतो. ‘चिरंजीव’ म्हणजे दीर्घायुषी, आणि घरातील मृत्यूनंतर तो शब्द अशुभ ठरतो ही समजूत निराधार आहे.

लहानांना सरसकट ‘तू’ म्हणता येते, हा दुसरा गैरसमज कार्यालयांत विशेष दिसतो. पंचविशीतील कनिष्ठ सहकाऱ्याला वरिष्ठ रोज ‘अरे’ म्हणत असले, तरी त्यांनी त्याला लिहिलेले पत्र घरी त्याची आई, काका, मामाही वाचतात, आणि तेथे ‘तू’ हे जवळिकीपेक्षा अधिकाराचे वाटण्याचा संभव असतो. तेव्हा घरोबा नसेल तर ‘तुम्ही’ सुरक्षित ठरते. एकदा निवडलेले सर्वनाम शेवटपर्यंत टिकवणेही आवश्यक असते, कारण ‘आपल्या’ने सुरू होऊन ‘तुम्हाला’वर उतरणारे आणि ‘तुझ्या’ने संपणारे पत्र घाईचे दिसते.

सर्वांत नाजूक प्रश्न नुकत्याच पती गमावलेल्या स्त्रीच्या नावामागील उपपदाचा आहे. ‘सौ.’, म्हणजे सौभाग्यवती, हे आता चालत नाही म्हणून ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी, लिहिणे हाच शिष्टाचार असे काहींना वाटते. वस्तुतः हे उपपद स्त्रीची ओळख तिच्या वैधव्यावरून ठरवते, आणि 2023 मध्ये महाराष्ट्रात विधवांसाठी या शब्दाच्या शासकीय वापराची कल्पना पुढे आली तेव्हा तिच्यावर तीव्र टीका झाली. पाकिटावर ‘श्रीमती’ आणि आत ‘काकू’, ‘वहिनी’ किंवा ‘ताई’ हे नेहमीचे नाते एवढे पुरते. मृत्यूने नाते बदलत नाही, तेव्हा संबोधन बदलण्याचेही कारण नाही.

मृत व्यक्तीविषयीचे क्रियापदही याच विचाराने ठरवावे लागते. मित्र स्वतः ‘आई गेली’ असे म्हणत असला, तरी त्याला लिहिताना ‘तुझी आई गेली’ की ‘तुझ्या आई गेल्या’ हे लेखकाचा त्या माउलीशी परिचय किती होता यावर अवलंबून असते; ज्यांच्या हातचे जेवून तो वाढला त्यांच्यासाठी एकेरी अनादर ठरत नाही, पण ज्यांना तो भेटलाच नाही त्यांच्यासाठी आदरार्थी अनेकवचनच योग्य.

शेवटी ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, यासारखी आद्याक्षरे आणि ‘लोभ असावा’ ही समारोपाची ठरीव विनंती या पत्रात टाळावी, कारण आद्याक्षरांतला नमस्कार उरकल्यासारखा वाटतो आणि ‘लोभ असावा’मध्ये लेखक स्वतःसाठी काही मागत असतो. ‘आपला’, ‘तुमचा’ किंवा ‘तुझा’ यांपैकी मजकुरातील सर्वनामाशी जुळणारा शब्द लिहून खाली सही केली की पत्र पुरे होते.