साखर नॉर्मल, पण इन्सुलिन चढलेलं

समजा, २६ वर्षांची एक मुलगी आहे. पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येऊ लागलेत, मानेची घडी काळवंडली आहे. सोनोग्राफीत पीसीओएस निघतो आणि त्याच रिपोर्टात खाली ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असंही लिहिलेलं असतं. उपाशीपोटीची साखर मात्र ९४, म्हणजे नॉर्मल. घरचे निर्धास्त होतात. पण साखर ९४ वर ठेवायला तिच्या शरीराला किती इन्सुलिन लागतंय, हे त्या आकड्यात दिसत नाही.

जेवणानंतर स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. त्याच्या इशाऱ्यावर स्नायू रक्तातली साखर आत घेतात आणि यकृत आपल्याकडची साखर सोडणं थांबवतं. हा इशारा नीट मानला जाईनासा झाला, की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं. हाच इन्सुलिन रेझिस्टन्स. त्यामुळे साखर कित्येक वर्षं आटोक्यात राहू शकते.

खरी गोम पुढे आहे. इन्सुलिनची सगळीच कामं अडत नाहीत. यकृत साखर सोडत राहतं, पण चरबी तयार करण्याचा हुकूम मात्र पाळतं. पोटातल्या चरबीतूनही स्निग्धाम्लं यकृताकडे येत असतात. अशी चरबी साठत जाते. अंडाशयंही इन्सुलिनला दाद देत राहतात आणि जास्त पुरुषी संप्रेरकं बनवतात. स्त्रीबीज वेळेवर पक्व होऊन बाहेर पडत नाही, पाळी लांबते. पीसीओएस असलेल्या प्रत्येकीत हेच कारण असतं असं नाही, पण बऱ्याच जणींत त्याचा वाटा मोठा असतो.

ही मुलगी लठ्ठ असेलच असंही नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्वचेखालची जागा अपुरी पडली की चरबी पोटात आणि यकृतात जाते. म्हणून आपल्याकडे वजनाबरोबर कंबरही मोजावी. बायकांमध्ये ८० आणि पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरच्या वर गेली, तर एचबीए१सी, ट्रायग्लिसराइड आणि यकृताची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावं. नुसती इन्सुलिनची पातळी मोजून निदान होत नाही, कारण प्रयोगशाळेगणिक आकडे बदलतात.

व्यायाम करताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरचं चालणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलणं कामी येतं. वजन जास्त असेल, तर ते पाच टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी घटू लागते आणि अनेकींची पाळी नियमित होते. ७० किलोच्या मुलीसाठी हे साडेतीन किलो झाले.