ऑफर लेटरवर सही करण्याआधी

एचआरचा फोन येतो, पगाराचा आकडा ठरतो आणि 'मेडिक्लेम आहे' एवढ्यावर बोलणं संपतं. खरं तर तिथूनच विचारायला सुरुवात करायची. विमा किती लाखांचा, आईवडील त्यात आहेत का, हप्ता सीटीसीतूनच कापला जातो का, आधीपासूनच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का? आणि सहसा कुणी विचारत नाही तो प्रश्न: खोलीभाड्याला मर्यादा आहे का?

समजा, विमा 3 लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे 3,000 रुपये. तुम्ही 6,000ची खोली घेतलीत, तर फक्त वरचे 3,000 खिशातून जातील असं वाटतं. पण अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्च हेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच मंजूर होतात. औषधं आणि इम्प्लांट यांना सहसा ही कात्री लागत नाही. म्हणून तोंडी होकारावर न थांबता पॉलिसीचा सारांश ईमेलवर मागा. तो देण्यात टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच समजा.

रजेबाबत शिल्लक रजा पुढच्या वर्षी नेता येते का आणि नोटीस पीरियडमध्ये रजा मिळते का, हे विचारा. कामाच्या तासांबद्दल मात्र एचआरपेक्षा भावी टीममधल्या माणसाला गाठावं: 'गेल्या महिन्यात किती शनिवारी काम केलंत?'