‘नाही’ला जागा ठेवणारं पत्र

घरातल्या मोठ्या माणसाचं चित्रण यूट्यूबवर टाकायचं असलं की बहुतेक जण फोनवर विचारून मोकळे होतात. “आत्या, तुझा कुरडयांचा व्हिडिओ टाकू का?” आत्या म्हणते, “टाक की.” आपण तो होकार धरतो. आत्याच्या डोळ्यांपुढे मात्र घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची मंडळी असतात. तिची व्याही मंडळी, जुने शेजारी, वाटणीवरून अबोला धरलेले दीर हेही तो पाहू शकतील, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून अशा वेळी पत्र लिहावं. कागदावर लिहा किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, पण ते सविस्तर असावं आणि वाचून विचार करायला तिला वेळ मिळावा.

एक उदाहरण घेऊ. भाचा सुट्टीत गावी गेला होता. आत्याच्या उन्हाळी कामांचं त्यानं दोन दिवस चित्रण केलं. तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून आंबवलेले गहू वाटणं, चीक काढणं, तो शिजवताना गुठळ्या होऊ नयेत म्हणून एकसारखा घोटणं, गच्चीवर सोऱ्यानं कुरडया घालणं. चीक घोटता घोटता आत्या बोलत राहिली. यजमानांच्या आजारपणाबद्दल, त्या काळात काढलेल्या कर्जाबद्दल, जमिनीच्या वाटणीबद्दल. मागे सून दिसते, नातू शाळेच्या गणवेशात येतो-जातो. एवढ्या सामग्रीतून चौदा मिनिटांचा व्हिडिओ तयार झाला आहे. त्यासाठीचं पत्र मी असं लिहीन :

“ती. आत्यास, सा. न.

मे महिन्यात तुझ्या कुरडयांचं जे चित्रण केलं, त्याचा चौदा मिनिटांचा व्हिडिओ झालाय. तो माझ्या यूट्यूब चॅनेलवर सगळ्यांसाठी टाकावा असं मनात आहे. सगळ्यांसाठी म्हणजे ओळखीचं-अनोळखी कुणीही बघू शकेल, आपल्या गावातले आणि भावकीतलेही. लोकांना तो उतरवून घेऊन दुसरीकडे पाठवताही येईल.

तू काकांच्या आजारपणाबद्दल आणि कर्जाबद्दल बोललीस, ते दोन मिनिटं व्हिडिओत आहे. ते मला फार मोलाचं वाटतं, पण तुला नको असेल तर काढतो. त्यावाचून कुरडयांचा व्हिडिओ पूर्णच राहील. वाटणीबद्दलचं बोलणं मी घेतलेलंच नाही. तुझं नाव घालायचं, की नुसतं ‘आत्या’ म्हणायचं, ते तू सांग. गावाचं नाव टाकणार नाही. वहिनींना मी वेगळं विचारतोय. पिंटूचा चेहरा पुसट केलाय.

चॅनेलवरून मला सध्या पैसे मिळत नाहीत. पुढे मिळू लागले तर तुला आधी सांगेन.

व्हिडिओ सोबत पाठवतोय. सवडीनं, एकटीनं बघ. दिवाळीपर्यंत काही कळवलं नाहीस, तर तुझी इच्छा नाही असं समजेन आणि तो घरातच राहील. मी पुन्हा विचारणार नाही, आणि मला वाईटही वाटणार नाही. आज हो म्हणालीस आणि नंतर नको वाटलं, तरी सांग, मी काढून टाकीन.

तुझा भाचा”

या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य दिवाळीचं आहे. आपल्याकडे आत्या भाच्याला तोंडावर नाही म्हणत नाही. पोरानं इतकी मेहनत घेतली, त्याचं मन कसं मोडायचं, ही भीड आड येते. म्हणून नकार देण्यासाठी तिला काहीच करावं लागू नये, अशी सोय पत्रातच हवी. गप्प राहिली तरी नकार पोचला पाहिजे. ‘दिवाळीपर्यंत कळवलं नाहीस तर टाकतो’ असं लिहिलं, तर सगळं ओझं तिच्यावर पडतं आणि भिडेपोटी तिचं चित्र जगापुढे जातं.

उत्तर आलं की ते नीट ऐकावं. “तुला योग्य वाटेल ते कर,” हे बहुतेक वेळा नाराजीचं उत्तर असतं. “बघू,” म्हणजे नाही. “ते आजारपणाचं काढ, बाकी असू दे,” हा खरा होकार, कारण तिनं व्हिडिओ बघून त्यातलं नेमकं काहीतरी निवडलं आहे. आणखी एक घोळ नेहमी होतो. फोन मुलाच्या हातात असतो, पत्र तोच वाचतो आणि “आईची काही हरकत नाही” असं तोच कळवतो. ती परवानगी मुलाची झाली. आत्याला वाचायला त्रास होत असेल, तर पत्र आपल्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवावं आणि उत्तरही तिच्याच तोंडून घ्यावं.

परवानगी मागण्याआधी व्हिडिओ पूर्ण तयार असावा, याला एक व्यावहारिक कारणही आहे. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर दुसरा व्हिडिओ ठेवता येत नाही. नंतर मधला भाग कापता येतो, चेहरा पुसट करता येतो, पण तोवर ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलेलं असतं. शीर्षक आणि वरचं चित्रही तिला आधी दाखवावं. कुरडयांच्या व्हिडिओला होकार देणाऱ्या आत्याच्या डोळ्यांतलं पाणी वर लावून ‘आत्याची करुण कहाणी’ असं नाव दिलं, तर तो तिनं मान्य केलेला व्हिडिओ राहत नाही. त्यातून अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढून वेगळा टाकायचा असेल, तर तेही वेगळं विचारावं.

मधला मार्ग म्हणून काही जण व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ ठेवतात. तो शोधून सापडत नाही, पण दुवा ज्याच्या हाती लागेल त्याला दिसतो, आणि घरच्या ग्रुपवरचा दुवा कुठवर जाईल याचा नेम नसतो. खरोखर मोजक्या माणसांपुरता ठेवायचा असेल, तर तो ‘प्रायव्हेट’ करून एकेकाचा ईमेल पत्ता जोडावा लागतो. टिप्पण्या बंद ठेवण्याचीही सोय आहे. वयस्क बाईच्या दिसण्यावर, बोलण्यावर अनोळखी लोक काय लिहितील याचा भरवसा नसतो, म्हणून मी तरी त्या बंदच ठेवायला सांगेन.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीचं वर्णन आहे : ती मोकळेपणानं दिलेली, ठरावीक कारणापुरती आणि माहिती मिळाल्यावर दिलेली असावी, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी. व्यक्तीनं स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. पण जगाला खुला असलेला व्हिडिओ घरगुती कामात मोडतो, असं गृहीत धरू नये. कायदा लागू असो वा नसो, संमतीची ही कसोटी आत्याच्या बाबतीतही योग्यच आहे.

होकार मागे घेतला गेला, तर त्याच दिवशी व्हिडिओ काढावा आणि कारण विचारू नये. फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर त्याचा तुकडा टाकला असेल, तर तोही काढावा. दुसऱ्या कुणी उतरवून आपल्या चॅनेलवर चढवला असेल, तर तो आपल्याला काढता येत नाही. यूट्यूबकडे खासगीपणाची तक्रार करावी लागते, आणि ती ज्याचं चित्र आहे त्यानं स्वतः करावी अशी अपेक्षा असते. आत्याला ते फोनवर जमणार नाही. तिच्या शेजारी बसून, तिच्या संमतीनं, तो अर्ज भाच्यानं भरून द्यायचा.