बदामाच्या खोक्यात बदाम किती?

बदाम, ओट्स, सोयाबीन, तांदूळ किंवा नारळ पाण्यात वाटून आणि गाळून जे पांढरे पेय तयार होते, त्याला बोलताना सगळे दूधच म्हणतात. भारतात मात्र नारळाच्या दुधासारखा रूढ अपवाद सोडला, तर खोक्यावर तसे छापता येत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 2021 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांनाही हे बजावले आणि तेव्हापासून खोक्यांवर ‘आल्मंड ड्रिंक’, ‘ओट बेव्हरेज’ असली नावे दिसू लागली. खरेदी करणाऱ्याच्या दृष्टीने यातला कामाचा भाग वेगळा आहे. टोन्ड दुधाची पिशवी कोणत्याही डेअरीची असो, तिच्यात किमान 3 टक्के स्निग्धांश आणि 8.5 टक्के इतर घन पदार्थ असलेच पाहिजेत. त्यामुळे एका पिशवीतले दूध दुसरीतल्यापेक्षा फारसे निराळे नसते. वनस्पतिजन्य पेयांचे तसे नाही. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन खोक्यांत प्रथिने दहापट कमीजास्त असू शकतात, एकात साखर असते, दुसऱ्यात नसते, एकात कॅल्शियम मिसळलेले असते आणि दुसऱ्यात नावालाही नसते. हे पुढच्या चित्रावरून कळत नाही. त्यासाठी मागची बारीक अक्षरे वाचावी लागतात.

तुलनेसाठी गाईच्या दुधाचे तीन आकडे लक्षात ठेवले की पुरते. 100 मिलीलिटर दुधात साधारण 3.2 ग्रॅम प्रथिने, 120 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि पावणेपाच ग्रॅम साखर असते. ही साखर म्हणजे दुधातले मूळचे लॅक्टोज. वरून घातलेली साखर शून्य. म्हशीच्या दुधात प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही याहून थोडे जास्त भरतात.

आता बाजारात सर्रास मिळतो तसा गोड बदाम पेयाचा एक खोका वाचून पाहू. पुढे भिजवलेल्या बदामांचे चित्र आहे आणि ‘कॅल्शियमयुक्त’ असा शिक्का आहे. मागच्या घटकांच्या यादीत पाणी, साखर, बदाम 3 टक्के, कॅल्शियम कार्बोनेट, घट्टपणा आणणारे पदार्थ, मीठ आणि बदामाचा स्वाद असा क्रम आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, असा नियम आहे. म्हणजे साखर बदामाच्या आधी आली, याचा अर्थ खोक्यात बदामापेक्षा साखर जास्त आहे. पोषण तक्त्यात 100 मिलीलिटरला प्रथिने 0.6 ग्रॅम, एकूण साखर 6.2 ग्रॅम, त्यात वरून घातलेली साखर 6 ग्रॅम आणि कॅल्शियम 120 मिलिग्रॅम दिले आहे.

हे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे घरबसल्या ताडून पाहता येते. 3 टक्के बदाम म्हणजे 100 मिलीलिटरमध्ये 3 ग्रॅम. बदामात सुमारे पाचवा हिस्सा प्रथिने असतात, म्हणून 0.6 ग्रॅम हा आकडा बरोबर आहे. एका बदामाचे वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास धरले, तर 200 मिलीलिटरच्या पेलाभर पेयात पाचच बदाम येतात. त्याच पेल्यात 12 ग्रॅम साखर आहे, म्हणजे तीन छोटे चमचे. पाच बदाम नुसते चावून खाल्ले असते तर तेवढीच प्रथिने मिळाली असती आणि ही साखर पोटात गेली नसती. कॅल्शियमच्या बाबतीत मात्र हा पेला दुधाच्या बरोबरीचा आहे: 240 मिलिग्रॅम. थोडक्यात, तीनपैकी एका कसोटीवर पेय उतरले आणि दोन कसोट्यांवर पडले. पुढचा शिक्का नेमकी उतरलेली कसोटी दाखवतो, यात नवल नाही.

साखरेचा आकडा वाचताना तक्त्यातल्या दोन ओळी वेगळ्या ठेवाव्यात. ‘टोटल शुगर्स’ म्हणजे मूळची आणि घातलेली मिळून सगळी साखर. ‘ॲडेड शुगर्स’ म्हणजे वरून घातलेली. भारतात दोन्ही छापणे बंधनकारक आहे. शेजारच्या टक्केवारीसाठी दिवसाला 50 ग्रॅम घातलेली साखर हा आधार धरलेला असतो, म्हणून वरच्या पेल्यासमोर 24 टक्के असे दिसेल. ही 50 ग्रॅमची कमाल मर्यादा आहे, गाठायचे उद्दिष्ट नव्हे. चहा, बिस्किटे आणि सणासुदीचे गोडधोड यांचाही हिशेब तिच्यातच करायचा असतो. घटकांच्या यादीत साखर नेहमी साखर म्हणूनच येईल असेही नाही. खजुराचा पाक, उसाच्या रसाची भुकटी, ग्लुकोज सिरप, फळांच्या रसाचा अर्क ही सगळी त्याच घरची मंडळी.

ओट्सच्या पेयात एक वेगळीच गंमत होते. ओट्समध्ये पिष्ट भरपूर असते आणि ते नुसते पाण्यात वाटले तर पेय चिकट, बुळबुळीत होते. घरी करून पाहणाऱ्यांना हा अनुभव असतो. कारखान्यात त्यावर उपाय म्हणून अमायलेज हे विकर घालतात. आपल्या लाळेतही याच प्रकारचे विकर असते. ते पिष्ट तोडते, पेय पातळ होते आणि त्यातून माल्टोज नावाची साखर तयार होते. म्हणूनच बाहेरून चिमूटभरही साखर न घातलेले ओट पेय चवीला गोडसर लागते आणि त्याच्या तक्त्यात 100 मिलीलिटरला तीन-चार ग्रॅम साखर दिसते. युरोपातल्या खोक्यावर ही साखर एकूण साखरेत मोजून पुढे ‘साखर घातलेली नाही’ असे लिहिलेले आढळते. अमेरिकेतल्या ओट पेयांवर तीच ‘ॲडेड शुगर्स’ या ओळीत दाखवलेली सापडते. त्यामुळे ओट पेयापुरते एकूण साखरेच्या ओळीकडे पाहिलेले बरे. दुधातही साखर असतेच की, असे कोणी म्हणेल. पण लॅक्टोज गोडीला कमी आणि रक्तातली साखर माल्टोजइतक्या झपाट्याने वाढवत नाही. मधुमेह्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

कॅल्शियमची गोष्ट उलटी आहे. बदाम, ओट्स, तांदूळ यांच्या पेयात मूळचे कॅल्शियम अगदीच किरकोळ असते, कारण खोक्यात बहुतेक पाणीच असते. जे मिळते ते मिसळलेले. त्यासाठी बहुधा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीत असते ते संयुग, किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट वापरतात. यादीत ही नावे नसतील तर 170 आणि 341 हे क्रमांक शोधावेत. मात्र नाव दिसले म्हणजे काम झाले असे नाही, कारण कॅल्शियम कार्बोनेट आम्लता सांभाळण्यासाठी चिमूटभरही घातले जाते. निवाडा करतो तो तक्त्यातला आकडा. 100 मिलीलिटरला 120 मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर दुधाशी बरोबरी झाली. तक्त्यात कॅल्शियमची ओळच नसेल, तर ते मिसळलेले नाही असे समजून चालावे. घरी केलेल्या बदामाच्या किंवा सोयाच्या दुधालाही हेच लागू आहे. युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट पाहावी: तिथल्या सेंद्रिय पेयांत सहसा कॅल्शियम मिसळता येत नाही, तसा सेंद्रिय उत्पादनांचा नियमच आहे. महागडा सेंद्रिय खोका या बाबतीत साध्या खोक्यापुढे फिका पडतो.

छापलेले कॅल्शियम पोटात जाईलच, याचीही खात्री नसते. ही संयुगे पाण्यात विरघळत नाहीत. ती नुसती तरंगत असतात आणि खोका फडताळात उभा राहिला की तळाशी बसतात. न हलवता ओतत गेले तर सुरुवातीच्या पेल्यांत कॅल्शियम कमी येते आणि खोका कापून पाहिला तर तळाला पांढरा खडूसारखा थर सापडतो. ‘चांगले हलवून घ्या’ ही सूचना इथे शोभेची नाही. दर वेळी, ओतण्याआधी, खोका जोरात हलवावा. शोषणाचे म्हणाल तर कॅल्शियम कार्बोनेट घातलेल्या सोया पेयातले कॅल्शियम गाईच्या दुधातल्याइतकेच शोषले जाते, ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमधले काहीसे कमी, असे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण स्त्रियांमध्ये दिसले होते.

साखर न घालणे किंवा कॅल्शियम घालणे उत्पादकाच्या हातचे आणि स्वस्तातले काम आहे. प्रथिनांचे तसे नाही. ती मूळ धान्यातून किंवा कडधान्यातूनच यावी लागतात. त्यामुळे पेयांची खरी प्रतवारी इथे होते. बिनसाखरेच्या सोया पेयात 100 मिलीलिटरला साधारण 3 ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांचा दर्जाही दुधाच्या प्रथिनांच्या जवळ जातो. ओट पेयात ती जेमतेम एक ग्रॅम, बदामात अर्धा-पाऊण, तांदूळ आणि नारळाच्या पेयांत त्याहूनही कमी. शिवाय ओट्स आणि बदामाच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल तोकडे पडते. काही खोक्यांत वाटाण्याची प्रथिने घालून ही उणीव भरून काढलेली असते. तसे असेल तर यादीत नाव आणि तक्त्यात आकडा दोन्ही दिसतात. अमेरिकी आहार मार्गदर्शिकेच्या 2020 ते 2025 च्या आवृत्तीने दूधगटात एकाच वनस्पतिजन्य पेयाला जागा दिली होती, ती कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे मिसळलेल्या सोया पेयाला.

डाळ, उसळ, अंडी, मासे ताटात असलेल्या मोठ्या माणसाचे बदाम पेयातल्या अर्ध्या ग्रॅमने काही बिघडत नाही. त्याने साखर आणि कॅल्शियम पाहिले तरी भागते. तान्ह्या आणि लहान मुलांचे प्रकरण गंभीर आहे, कारण त्यांच्या आहाराचा मोठा भाग दूधच असते. 2001 मध्ये अमेरिकेतल्या अटलांटाच्या डॉक्टरांनी दोन मुलांची नोंद प्रसिद्ध केली. जवळपास दोन वर्षांचे एक मूल मुख्यतः तांदळाच्या पेयावर वाढत होते. त्याला प्रथिनांच्या अभावाने क्वाशिओरकर झाला, अंगावर सूज आली. दुसरे दीड वर्षाच्या आतले मूल सोया पेयावर होते. त्या पेयात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मिसळलेले नव्हते, त्याला मुडदूस झाला. पहिल्या खोक्यात प्रथिनांचा आकडा तोकडा होता, दुसऱ्यात कॅल्शियमचा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला यातले कोणतेही पेय आईच्या दुधाऐवजी किंवा बाळांच्या खास फॉर्म्युल्याऐवजी देऊ नये आणि त्यापुढच्या लहान मुलाचे दूध बंद करून वनस्पतिजन्य पेय सुरू करायचे असेल, तर खोका बालरोगतज्ज्ञांना दाखवूनच करावे.