टॅलीची ओळ, एक्सेलची ओळ

टॅलीचा डे बुक डोळ्यांनी वाचण्यासाठी मांडलेला असतो. व्हाउचरची ओळ, तिच्याखाली नॅरेशन, मध्ये रिकामी जागा. माणसाला हे सोयीचं वाटतं. रिपोर्टिंग शीटला मात्र एका व्यवहाराची एकच ओळ हवी असते. एक्सपोर्टनंतरची बहुतेक डोकेदुखी इथूनच सुरू होते.

डे बुक आधी संक्षिप्त स्वरूपात एक्सपोर्ट करावा. तळाची बेरीज कागदावर टिपून ती ओळ काढून टाकावी. नाहीतर शेवटच्या व्हाउचरला नॅरेशन नसेल तर ‘Total’ हाच शब्द नॅरेशन म्हणून चिकटतो. समजा A मध्ये तारीख, B मध्ये तपशील आणि C मध्ये व्हाउचरचा प्रकार आहे. नॅरेशनच्या ओळीत C रिकामा असतो, म्हणून दुसऱ्या ओळीपासून एका मोकळ्या कॉलममध्ये हे सूत्र खाली ओढावं:

```
=IF(AND(C2<>"",C3=""),B3&"","")
```

नॅरेशन वरच्या ओळीत येतं. आता तो कॉलम कॉपी करून फक्त व्हॅल्यू पेस्ट कराव्यात, आणि मगच C रिकामा असलेल्या ओळी फिल्टर करून पुसाव्यात. क्रम उलटला की ज्या ओळीतून मजकूर आणला तीच गेलेली असते आणि नॅरेशनच्या जागी `#REF!` उरतं.

तारखेचा घोळ सीएसव्हीत जास्त होतो. 05/04/2024 म्हणजे आपला 5 एप्रिल. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर एक्सेल तो 4 मे समजतो. 13 तारखेपासून पुढचं त्याला उमगत नाही, म्हणून ते मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहतं. कॉलममध्ये काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या, की उजवीकडच्यांवरही विश्वास ठेवू नये. फाइल पुन्हा आणून Text to Columns मध्ये DMY निवडावं.

सगळ्यात फसवी रक्कम. ट्रायल बॅलन्समध्ये 18000.00 Cr दिसतं, पण सेलवर क्लिक केलं की फॉर्म्युला बारमध्ये नुसतं 18000. Cr हा केवळ नंबर फॉरमॅटचा मुलामा असतो, तो सूत्रांना दिसत नाही. रोख 50,000 Dr आणि देणेकरी 18,000 Cr यांची बेरीज 32,000 यायला हवी, ती 68,000 येते. डेबिट-क्रेडिट वेगळ्या कॉलममध्ये मिळत असेल तर तसंच घ्यावं. नसेल तर कॉलम नोटपॅडमध्ये नेऊन परत आणावा. Cr खरा मजकूर होतो आणि त्यावरून उणे चिन्ह लावता येतं.

शेवटी टिपलेल्या बेरजेशी ताळा करायचा. फरक एखाद्या व्हाउचरच्या रकमेइतका असेल तर ओळ हरवली आहे. शिलकेच्या कॉलमात तो 36,000, म्हणजे 18,000 च्या दुप्पट आला, तर एखाद्या Cr ला उणे लागायचं राहिलं आहे.